स्टिअरिंगला हात लावू नका

मी रागीट आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं की माणसाला एक वाईट खोड लागते: समोरच्यानं उत्तर काढायच्या आत त्याच्या हातातला खडू काढून घ्यायचा. वर्गात ते खपून जातं. पण तेच मी एकदा माझ्या वडिलांच्या बाबतीत केलं, आणि ते मात्र मी अजून विसरलेले नाही.

आईची किडनी गेल्यावर मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्याचे तीन दिवस तिचं डायलिसिस असायचं. सेंटर अलकापुरीत, आईबाबांचं घर कारेलीबागेत. सकाळी आठची खुर्ची. उशीर झाला तर तेवढा वेळ कापला जायचा, कारण बारा वाजता त्याच खुर्चीवर दुसरा पेशंट बसायचा. आईला ने-आण करायचं काम बाबांनी पहिल्या दिवसापासून स्वतःकडे घेतलं होतं. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. रिफायनरीत छत्तीस वर्षं काढलेला माणूस, त्यामुळे घड्याळाला पक्का. औषधं, रिपोर्ट, डॉक्टरांशी बोलणं हे सगळं माझ्याकडे होतं. स्वयंपाकाला बाई होती. बाबांकडे उरलं होतं ते एवढंच, आईला गाडीत बसवून न्यायचं आणि दुपारी परत आणायचं. आईला ते चांगलं कळत होतं. मी कधी म्हटलं, "आज मी नेते," तर म्हणायची, "यांनाच नेऊ दे गं. तेवढंच."

त्या जाता-येतानाच्या अर्ध्या तासात ते दोघं काय बोलायचे मला माहीत नाही. पण एकदा मी मागच्या सीटवर होते, तेव्हा आईनं फतेहगंजपासून घरापर्यंत बाबांच्या गाडी चालवण्यातल्या चुका काढल्या होत्या आणि बाबा प्रत्येक चुकीला "हो बाईसाहेब" म्हणत होते. घरात ते दोघं इतकं बोलत नसत.

गाडी बटणावर चालू होणारी होती, गुडघ्याला त्रास नको म्हणून गिअर न बदलावे लागणारी. पण बाबांच्या सवयी मात्र आधीच्या चावीच्या गाडीच्या. रिफायनरीच्या कॉलनीत असताना शेजाऱ्यांची गाडी चोरीला गेली होती, तेव्हापासून स्टिअरिंग लॉक झाल्याची खात्री केल्याशिवाय ते गाडीपासून हलायचे नाहीत. शिवाय त्यांच्या सोसायटीचं पार्किंग दर पावसाळ्यात पाणी भरतं म्हणून उंच करून घेतलेलं, त्यामुळे फाटकाकडे उतार. उतारावर गाडी लावायची तर चाक वळवून दगडाला टेकवायचं, हा त्यांचा कारखान्यातला नियम. म्हणून डायलिसिसहून परतल्यावर दुपारी आई खाली उतरली की हा सोहळा व्हायचा: स्टिअरिंग डावीकडे पूर्ण पिळायचं, टायर दगडाला दाबून बसवायचा, इंजिन बंद करायचं, एका हातानं स्टिअरिंग तसंच आवळून धरून दुसऱ्या हातानं दार उघडायचं, आतून 'खट्' आवाज आला की दोनदा हिसका देऊन बघायचं. मग समाधानानं म्हणायचे, "बंदोबस्त झाला." आई लिफ्टपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून वाट बघायची आणि म्हणायची, "झाला का तुमचा बंदोबस्त? मी इथेच झोपू का?"

हा सोहळा मी शंभरदा पाहिला होता. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

तो मंगळवार होता. नवरात्र नुकतं संपलं होतं. आईच्या पायांवर सूज फार होती म्हणून मी शाळेत जायच्या आधी स्कूटरवरून तिकडे डोकावले. आई वर तयार होऊन बसली होती. बाबा गाडी काढायला खाली गेले त्याला वीस मिनिटं झाली होती. मी खाली गेले. गाडी तिथेच. बाबा आत बसलेले, कपाळावर घाम. समोरच्या पडद्यावर पिवळं स्टिअरिंगचं चित्र आणि कुलूप, खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ. त्यांचा वाचायचा चष्मा वरच राहिला होता.

"काय झालं?"

"अगं, स्टिअरिंग जाम झालंय. सुटतच नाहीये."

मी खिडकीतून आत वाकले. बाबांचा उजवा पाय ब्रेकवर, एक बोट बटणावर, आणि दुसऱ्या हातानं ते स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत होते. सुरुवातीला हळू असेल, मी गेले तोवर चांगलंच हिसकत होते. मला वाटलं, हे त्या जुन्या गाडीच्या आठवणीत अडकलेत. चावी अडली की स्टिअरिंग हलवून ती फिरवायची, तसलं काहीतरी. आणि घड्याळात सात पंचवीस झाले होते.

"बाबा, ही तुमची जुनी गाडी नाही. स्टिअरिंगला हात लावू नका! नुसतं बटण दाबा. सरळ बटण दाबा."

"अगं पण ते हलवलं की..."

"हात काढा म्हटलं ना!"

त्यांनी हात काढला. मांडीवर ठेवला. शाळेत पट्टी खाल्लेली मुलं ठेवतात तसा. नुसतं बटण दाबलं. आतून 'कुर्र' असा बारीक आवाज आला आणि थांबला. परत दाबलं. परत तसंच. पाच-सहा वेळा झालं आणि मग पडद्यावरची ओळ बदलली. ही मोठी होती, ती मी वाचली: स्टिअरिंग लॉक फॉल्ट. त्यानंतर बटण दाबलं तर 'कुर्र'ही येईना.

आता इथे शांत राहणारी माणसं असतात. मी नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या दोन बायका दूध घेऊन उभ्या होत्या, वॉचमन उभा होता, आणि त्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, "बाबा, तुम्हाला आता जमत नाही. कबूल करा. उद्या रस्त्यात असं झालं तर आईला घेऊन कुठे जाल?" शिवाय आणखीही काही म्हणाले. गेल्या महिन्यात ते गॅस बंद करायला विसरले होते, ते काढलं. त्याचा इथे काही संबंध नव्हता.

बाबा गाडीतून उतरले आणि गाडीची चावी, म्हणजे तो काळा चपटा रिमोट, माझ्या हातात ठेवला. मी मागितला नव्हता. पण परतही केला नाही.

आईला मी रिक्षानं नेलं. पंचवीस मिनिटं गेली तिच्या वेळातली.

संध्याकाळी गाडी बघायला परत आले. मेकॅनिकला बोलवायच्या आधी एकदा आपण बसून बघू म्हटलं. माझं वजन बरंच आहे. खालच्या सीटवर बसताना स्टिअरिंगला धरून स्वतःला आत ओढून घ्यावं लागतं. तसंच ओढून घेत घेत बटण दाबलं आणि गाडी चालू झाली. पहिल्या फटक्यात. कसला निरोप नाही, कसलं कुलूप नाही.

मला काय वाटलं ते खरं सांगते. आनंद झाला. बघा, गाडीत काही नाही, बाबांमध्येच आहे, हे सिद्ध झालं. गणिताच्या बाईला एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये एवढं कळायला हवं होतं. मी गाडी माझ्या घरी आणली. माझ्या घरासमोर सपाट जागा, मी चाकं सरळ ठेवून गाडी लावते, त्यामुळे पुढे तीन महिने एकदाही त्रास झाला नाही. प्रत्येक वेळी बटण दाबताना मला माझं बरोबर वाटत गेलं.

शनिवारी मी नेत असे. मंगळवार-गुरुवार रिक्षा, एक ठरवलेला रिक्षावाला. बाबा आईला रिक्षात बसवायला खालीही येत नसत. वरच्या गॅलरीत उभे राहायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "निदान बरोबर तरी जा." ते म्हणाले, "मी जाऊन काय करणार?" आई रिक्षात बसून समोर बघत असायची. चुका काढायला तिला कोणी नव्हतं.

पौषात आई गेली. डायलिसिसच्या दिवशी नाही, मधल्याच एका दिवशी, दुपारी जेवण झाल्यावर. तिचं वय झालं होतं, आजार मोठा होता, सगळे तसंच म्हणाले. मीही तसंच म्हणत होते.

चौथ्या दिवशी अस्थी घेऊन चांदोदला जायचं ठरलं. नर्मदेकाठी गुरुजींनी नऊची वेळ दिली होती. मला भावंडं नाहीत, त्यामुळे बाबा आणि मी दोघंच. आदल्या संध्याकाळी मी गाडी त्यांच्या सोसायटीत आणली आणि त्यांच्याच जागेवर लावली. उताराला गाडी सरकू लागली तेव्हा वॉचमन ओरडला, "बेन, काका लगावते थे वैसे पत्थर को टिका दो." मी स्टिअरिंग डावीकडे पिळलं, टायर दगडाला दाबला, इंजिन बंद केलं आणि दार उघडलं. 'खट्' आवाज आला. डोकं ठिकाणावर नव्हतं, मी लक्षही दिलं नाही.

सकाळी साडेसहाला बाबा पांढरं धोतर नेसून, मांडीवर लाल फडक्यात बांधलेला कलश घेऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसले. मी ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं.

'कुर्र.' पिवळं स्टिअरिंग. कुलूप.

परत दाबलं. परत. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. समोर काचेतून बघत होते. पाच-सहा वेळा झाल्यावर तीच मोठी अक्षरं आली. मग मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून जीव खाऊन पिळलं. ते हललं नाही. मी त्याच्यावर हात आपटले आणि तिथे बसून रडले. आई गेल्यापासून रडले नव्हते, ते तिथे रडले. बाबा तरीही गप्प. कलशावर दोन्ही हात.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला वॉचमननं उठवून आणलं. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर पंचा, चहा अर्धा सोडून आलेला. त्यानं पडदा पाहिला, मग खाली वाकून टायर पाहिला, आणि सगळ्यात आधी मला म्हणाला, "बेन, जोर नहीं करवानो. हाथ लई लो." मी हात काढले.

आमच्यासारख्या मराठी कुटुंबांच्या शेजारात वाढलेला, त्यामुळे पुढचं तो त्याच्या गुजराती वळणाच्या मराठीत सांगत होता आणि काम करत होता. आधी मीटर आणून बॅटरी तपासली. "बॅटरी ढिली असली तरी असाच मेसेज येतो. तुमची बरोबर छे." मग गिअर 'पार्किंग'वर आहे ना, हँडब्रेक ओढलाय ना, ते पाहिलं, मागच्या चाकाखाली विटेचा तुकडा सरकवला. वॉचमन गाडीपुढे उभा होता त्याला बाजूला केलं. आम्हाला उतरवून, रिमोट घेऊन, दारं बंद करून गाडी दहा मिनिटं तशीच सोडली. "छोटी मोटर असते आतमध्ये. सारखं सारखं दाबलं ने, तर ती थकून बंद पडते. तिला बसू द्यायची."

"पण झालंय काय?" मी विचारलं.

त्यानं डाव्या हाताची मूठ केली आणि उजव्या हाताचं बोट तिच्या खाचेत घातलं. "ही स्टिअरिंगची दांडी. ही लॉकची पिन. तुम्ही चाक पिळून दगडाला दाबलं, दार उघडलं, पिन आत पडली. आता टायरला परत सरळ व्हायचं छे, तो दांडीला ढकलतो, दांडी पिनला दाबते." त्यानं मूठ वळवली, बोट आवळलं गेलं. "मोटरमध्ये एवढी ताकत नाही की दाबलेली पिन ओढेल. हाथोडी मारून पण होत नाही, तिथे एअरबॅग छे. करायचं एवढंच के पिनवरचं वजन काढायचं."

दहा मिनिटांनी तो आत बसला. ब्रेकवर पाय ठेवला. स्टिअरिंग आधी उजवीकडे चाचपलं: दगडासारखं घट्ट. मग डावीकडे: केसभर सैल. "इथे जागा छे," म्हणाला. त्या बाजूला, जोर न करता, नुसतं धरून ठेवलं आणि बटण दाबलं. 'खट्.' गाडी चालू झाली.

"बस. बटण दाबताना स्टिअरिंग थोडं हलवायचं. पहिला मेसेज तोच असतो, बारीक अक्षरात. लोक वाचत नाहीत. जुन्या गाडीवाले लोकांना तर वाचावं पण नाही लागत, त्यांचा हात आपोआप हलतो."

त्या संध्याकाळी मीही स्टिअरिंग ओढतच बटण दाबलं होतं. मी बाबांकडे पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही.

त्यानं आम्हाला लगेच सोडलं नाही. गाडी जागेवरच ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिलं, गाडी दगडापासून वीतभर मागे घेतली, चाकं सरळ केली. इंजिन बंद, दार उघड, दार लाव, परत चालू, असं तीनदा. मेसेज आला नाही तेव्हा म्हणाला, "आता जा. पण या आठवड्यात कंपनीत दाखवून घ्या. आणि परत मेसेज आला, हलवून पण गेला नाही, तर चालवायची नाही, दोरीनं ओढायची पण नाही. स्टिअरिंग लॉक असेल तर चाक वळणार नाही. मोठ्या गाडीवर ही गाडी चढवून न्यायची." मग जरा घुटमळून त्यानं कलशाकडे पाहून हात जोडले. माझ्या आईला, त्याच्या काकींना, तो ओळखत होता.

आम्ही निघालो तेव्हा पावणेआठ झाले होते. कपुराई चौकडीचा चौक ओलांडून डभोईच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे कापसाची शेतं, बोंडं वेचून झालेली. मला बोलायला हवं होतं. वर्गात चाळीस मुलांसमोर फळ्यावरचं चुकलेलं उत्तर मी सहज पुसते. शेवटी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"बाबा, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. तुम्ही हलवत होतात. मी तुम्हाला हात काढायला लावला."

"हं."

"आज तुम्ही बोलला का नाहीत? तुम्हाला माहीत होतं ना, हलवायचं ते?"

"माहीत कुठे होतं? हात हलायचा नुसता." ते म्हणाले. "त्या दिवशी तू म्हणालीस, मग मला वाटलं, माझंच चुकत असणार. आजही तेच वाटलं."

मी रिमोट काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही चालवा. इथून पुढे तुम्हीच चालवा."

त्यांनी तो घेतला नाही. दोन्ही हात कलशावर होते ते तसेच राहिले.  एक ट्रॅक्टर आमच्या बाजूनं गेला.

"त्या मंगळवारी रात्री तिनं मला विचारलं होतं," बाबा म्हणाले. "आता तुम्ही का नाही येणार म्हणून. मला जमत नाही असं सांगायची लाज वाटली मला. ती घाबरली असती, माझंही आता काही खरं नाही म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, मला कंटाळा आलाय."

मी रिमोट परत खाली ठेवला.

"परत नाही विचारलं तिनं," ते म्हणाले. "चल, गुरुजी खोळंबले असतील."